तीन आकड्यांच्या गुणाकारातून अभ्यासाचे तास निघत नाहीत

"धड्याची पाने मोजा. सोप्या धड्याला १, मध्यमला २, कठीणला ३ द्या. पाने, हा आकडा आणि धड्याचे गुण यांचा गुणाकार करा. त्या प्रमाणात तास वाटा आणि सगळ्या आठवड्यांत सारखे पसरा. वेळापत्रक तयार!"

अभ्यासाचे तास वाटण्याची ही पद्धत तपासायला दहावीच्या बीजगणितातले दोन धडे घेऊ. वर्गसमीकरणे २५ पाने, १२ गुण. अर्थनियोजन ३२ पाने, ८ गुण असे धरू. पहिला धडा कठीण, दुसरा सोपा. गुणाकार आला ९०० आणि २५६, म्हणजे जवळपास साडेतीन पट. आता घड्याळ लावा. शिकवणीतल्या एका मुलीने वर्गसमीकरणांची चार पाने उदाहरणांसकट सोडवली, तिला तासभर लागला. अर्थनियोजनात करबीजके आणि तक्ते खूप, तिथली चार पाने २४ मिनिटांत झाली. म्हणजे एका धड्याला सव्वासहा तास, दुसऱ्याला सव्वातीन. फरक दुपटीचाच.

'कठीण' हा शेरा अंदाजाने देण्यापेक्षा असा मोजलेला बरा, कारण तो प्रत्येकाचा वेगळा असतो. मात्र चारही पाने धड्याच्या सुरुवातीची घेऊ नका. वर्गसमीकरणांत अवयव पाडणे भराभर होते, वेळ खातात ती शेवटची शाब्दिक उदाहरणे. दोन पाने सुरुवातीची, दोन शेवटची घ्या.

गुणांचा गुणाकार ही या पद्धतीतली सगळ्यात मोठी चूक. धड्याला १२ गुण असले म्हणून तो समजायला जास्त वेळ लागत नाही. गुण ठरवतात ते उजळणीला किती वेळ द्यायचा एवढेच.

त्या मुलीकडे आठ आठवडे होते आणि बीजगणितासाठी आठवड्याला पाच तास, एकूण ४०. सहाही धडे एकदा करायला मोजणीने २२ तास निघाले. दर आठवड्याचा एक तास, म्हणजे आठ तास मोकळे ठेवले. उरलेले १० तास उजळणीला. पर्यायांसह ६० गुण धरले तर एका गुणाला १० मिनिटे, म्हणून वर्गसमीकरणांना दोन तास, अर्थनियोजनाला एक तास वीस मिनिटे.

सारखे पसरणेही चालत नाही. वर्गसमीकरणे एका आठवड्याच्या चार तासांत बसत नाहीत, ती दोन आठवड्यांत तोडावी लागली. त्यांच्या उजळणीचे दोन तासही एकदम न देता ४० मिनिटांचे तीन भाग केले: धडा संपल्यावर आठवड्याने, तीन आठवड्यांनी आणि शेवटच्या आठवड्यात.

पहिले दोन धडे झाले की लागलेले तास अंदाजाशी ताडून पाहा. आठ तासांचे दहा झाले असतील, तर पुढचे सगळे अंदाज सव्वापट करा. जास्तीचा वेळ आधी मोकळ्या तासांतून काढा. तेही पुरले नाहीत तर कमी गुणांच्या धड्यांची उजळणी कापा, पहिले वाचन नाही.