झोपायचा सिनेमा संपल्यावर किंचाळणाऱ्या ॲपसाठी

ज्या कुणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली की सिनेमा संपला की नामावली कोपऱ्यात ढकलायची आणि लगेच दुसऱ्या सिनेमाचा ट्रेलर लावायचा, तो माणूस रात्री झोपत नसणार. काल रात्री माझा लाडका, पाठ झालेला, शांत सिनेमा मंद आवाजात चालू होता. मी कधीच झोपले होते. सिनेमा संपला आणि धडाम्! गाड्या, गोळ्या, कुणीतरी ओरडतंय. मी अंधारात रिमोट शोधतेय आणि पलीकडच्या खोलीतून आई विचारतेय, ‘काय फुटलं गं?’

आता ‘मग सिनेमा लावून झोपतेसच कशाला?’ हे येणारच. झोपण्याआधी स्क्रीन नको, हे डॉक्टर सांगतात ते बरोबर आहे. मान्य. म्हणून मी ब्राइटनेस अगदी खाली आणते आणि टीव्हीकडे पाठ करून पडते. मला चित्र नकोच असतं, आवाज हवा असतो. पूर्ण शांततेत माझं डोकं उद्याच्या कामांची यादी वाचायला बसतं.

आणि कृपा करून ‘एखादा संथ, कंटाळवाणा सिनेमा लाव’ असं सुचवू नका. इथेच सगळ्यांची गफलत होते. संथ म्हणजे झोपेचा नव्हे! त्या गंभीर सिनेमांत पाच मिनिटं कुणी बोलत नाही आणि मग एकदम दार आपटतं. झोप मोडते ती आवाजातल्या अचानक उडीने. थिएटरसाठी केलेल्या साउंड मिक्सिंगमध्ये कुजबुज आणि स्फोट यांच्यात मुद्दाम मोठं अंतर ठेवलेलं असतं. तिथे ते छान वाटतं. घरी आपण कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवतो आणि पुढच्याच प्रसंगात तो अंगावर येतो.

त्यामुळे माझी परीक्षा साधी आहे. सिनेमातला सगळ्यात हळू संवाद लावायचा, तो उशीवरून जेमतेम कळेल इतका आवाज ठेवायचा. मग आवाजाला हात न लावता सगळ्यात मोठा प्रसंग लावायचा. हात रिमोटकडे गेला तर सिनेमा बाद, कितीही आवडता असो. टीव्हीत ‘नाइट मोड’ असेल तर तो लावून बघा, मोठे आवाज दाबले जातात. त्यात संगीत जरा चपटं होतं हे खरं, पण झोपेत कोण दाद देतंय?

माझा सिनेमा आहे जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा ॲनिमेशनपट ‘माय नेबर तोतोरो’, 1988 चा, 86 मिनिटांचा. त्यात खलनायकच नाही. मध्यावर पावसातला बसस्टॉपचा प्रसंग येतो. दोघी बहिणी बाबांची वाट बघतायत, धाकटी पाठीवर पेंगतेय, छत्रीवर थेंब पडतायत, कुणीही घाईने बोलत नाही. असा प्रसंग मुद्दाम झोपेसाठी कुणी बनवला असता तरी इतका जमला नसता.

पण त्यातही खाचाखोचा आहेत. सुरुवातीचं गाणं चांगलंच ठसक्यातलं आहे, म्हणून मी ते संपल्यावरच दिवा बंद करते. बसस्टॉपवरच तोतोरो, म्हणजे जंगलातला तो भलामोठा केसाळ प्राणी, उडी मारतो, झाडावरचं पाणी धो धो कोसळतं आणि तो डरकाळी फोडतो. पण ती कधी येणार हे मला ठाऊक असतं, त्यामुळे ती आली तरी मी दचकत नाही. ओळखीच्या सिनेमाचा सगळा फायदा हाच. पुढे काय होणार हे माहीत असलं की मन जागं राहून वाट बघत नाही. म्हणून नवा सिनेमा कितीही मऊ असला तरी झोपेला नालायक. आणि हो, डबिंग बदलू नका. तोतोरोची इंग्रजी डबिंगच दोन आहेत. दुसऱ्याच आवाजात तेच वाक्य आलं की डोळे टक्क उघडतात.

शेवटच्या भागात धाकटी हरवते, थोरली तिला हाका मारत धावते. तो भाग झोपेत नकोच. म्हणून स्लीप टायमर एक तासाचा.

काल तो लावायला विसरले, बरं का. पण म्हणून ट्रेलरने किंचाळावं? आईला पुन्हा झोप लागली नाही, ती पहाटेपर्यंत कूस बदलत होती, त्याचा मला खरा राग आहे. माझं जाऊ दे.

आज सेटिंग्ज उघडून ‘पुढचं आपोआप चालू करा’ बंद केलं. त्याच्या शेजारी प्रिव्ह्यूचं बटण निराळंच होतं! तेही बंद केलं. आणि ही दोन्ही बटणं प्रत्येक प्रोफाइलला वेगळी. आईच्या प्रोफाइलवर जाऊन पुन्हा तेच करावं लागलं.

तुमचे झोपेचे सिनेमे कॉमेंटमध्ये टाका. मात्र नुसतं नाव नको, सगळ्यात मोठा आवाज कितव्या मिनिटाला आहे तेही लिहा.