जुना पीएस४ पोराच्या गळ्यात कसा मारावा

तुमच्या टीव्हीखाली पाच-सहा वर्षं एक पीएस४ स्लिम, म्हणजे गेम खेळायचा सोनीचा डबा, पडलाय. पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो, कंट्रोलर आपोआप डावीकडे ओढतो, आणि चिरंजीव केव्हाच पीएस५ वर गेलेत. भंगारवाल्याला दाखवलात तर तो वायरचा भाव सांगेल. पण निराश होऊ नका. ऐरोलीपासून खारघरपर्यंत दर दुसऱ्या सोसायटीत एक सोळा वर्षांचा मुलगा पैसे साठवतोय. तो तुमच्यासाठीच साठवतोय, फक्त त्याला अजून माहीत नाही.

आधी गिऱ्हाईक ओळखायला शिका. अकरावीतला, ऐरोलीचा. अकरा महिने स्टेशन ते घर शेअर रिक्षा सोडून चालत आलेला. दिवाळीचे, आजीने दहावीच्या निकालाला दिलेले, मामाने जाता जाता खिशात कोंबलेले, असे सगळे मिळून १८,५०० रुपये श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर मधोमध रेघ मारून त्याने दोन रकाने केलेत. डावीकडे ‘नवीन’. त्यात पीएस५, २०२४ सालीच ५५ हजारांच्या घरात, आणि त्यावर काट. खाली एक्सबॉक्स सिरीज एस. २०२० साली तो ३४,९९० रुपयांना आला होता, तेवढेही डब्यात नाहीत. शिवाय त्याला डिस्कची खाच नाही, म्हणजे मित्राची डिस्क मागून आणायची सोय नाही आणि खेळून झालेला गेम विकायचीही नाही. तोही खोडला. उजवीकडे ‘जुना’. पीएस४ स्लिम १४,०००, जुन्या डिस्क तीन, प्रत्येकी ८००, एकूण १६,४००. उरले २,१००, पुढे ‘दुसरा कंट्रोलर?’ असं प्रश्नचिन्ह.

हिशोब बरोबर आहे, हे लक्षात घ्या. जीटीए ६ फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एस-एक्ससाठी जाहीर झालाय, पीएस४ साठी नाही. हे त्याला ठाऊक आहे आणि तरी त्याने पीएस४ निवडलाय, कारण जुन्या डिस्क घ्यायच्या, खेळायच्या, विकायच्या, त्या पैशात पुढची घ्यायची, हे त्याला परवडतं. पोरगं हुशार आहे. त्याच्या रकान्यात एकच ओळ राहिली, ती म्हणजे तुम्ही.

आता कामाला लागा. भेटायला घरी बोलवू नका. कोपरखैरणे स्टेशनवर तिकीट खिडकीपाशी बोलवा. तिथे माणसं भरपूर, प्लग पॉइंट एकही नाही. ‘मला पुढची ठाणे लोकल पकडायचीय’ म्हणा.

बिल ‘हरवलंय’. अर्थात.

समजा पोरगा घरीच येतो म्हणाला, तर तो यायच्या आधी मशीन चालू करून ठेवा. थंड मशीन चालू करताना आधी निळा दिवा लागतो आणि काही सेकंदांत पांढरा होतो. तुमचा निळ्यावरच लुकलुकत राहतो, टीव्हीवर चित्र येत नाही, तीन-चारदा बंद-चालू केल्यावर कधीतरी पांढरा होतो. हा सोहळा पाहुण्यासमोर कशाला? एचडीएमआय केबलही आधीच खोचून, बरोबर त्या कोनात टेकवून ठेवा. पोर्ट सैल झालेला असला की केबलला नुसतं बोट लागलं तरी चित्र जातं. टीव्हीपुढे चहाचा ट्रे ठेवा, हात पोचणार नाही.

मग मेनू दाखवा. फक्त मेनू. मेनूवर चिपला काही कामच नसतं, त्यामुळे पंखा शांत राहतो आणि ‘बघ, आवाजसुद्धा नाही’ असं तुम्हाला छातीठोकपणे म्हणता येतं. चिप आणि तिची उष्णता शोषणाऱ्या हीटसिंकच्या मधली पेस्ट वाळून खडूसारखी झालीय, हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा नमदा बसलाय, हे कळायला एखादा जड गेम सलग तीस-चाळीस मिनिटं चालवावा लागतो. दहाव्या मिनिटाला पंखा चढतो, पंचविसाव्याला बाजूच्या खोलीत ऐकू येतो, आणि मग मशीन फार तापल्याचा इशारा पडद्यावर येतो. इतका वेळ त्याला बसू द्यायचं नाही. ‘आम्हाला जरा बाहेर जायचंय’ हे वाक्य पंधराव्या मिनिटासाठी राखून ठेवा.

डिस्क घालून बघू का, असं विचारलं तर ‘सगळ्या डिस्क भाच्याकडे आहेत’. त्याचा अख्खा उजवा रकाना त्या डिस्कच्या खाचेवर उभा आहे. डिस्क आत ओढली जाते का, वाचली जाते का, बाहेर येते का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. ती देऊ नका.

कंट्रोलरचं काम आदल्या रात्री करायचं. काठी जिथे हलते तिथे आत बारीक पट्ट्या असतात, त्या झिजल्या की हात न लावताही खेळाडू चालायला लागतो. सांध्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, काठी गोल गोल फिरवा. थोडे दिवस ठीक चालते. थोडे दिवस पुरे. पोरगा काठी एका बाजूला ढकलून पटकन सोडायला लागला आणि असं पाच-सहा वेळा करायला लागला, तर समजा की त्याला कोणीतरी शिकवून पाठवलंय. हातातून घ्या आणि ‘चार्जिंग कमी आहे’ म्हणा.

आता खरी कमाई. ‘पन्नास गेम लोड करून देतो.’

हे वाक्य ऐकलं की पोराचे डोळे कसे होतात ते बघाच एकदा. त्याने तीन डिस्कचे पैसे बाजूला काढलेत आणि तुम्ही पन्नास फुकट देताय. हे मशीन जेलब्रेक केलेलं आहे, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून त्यात चोरीचे गेम भरलेत, हे सांगायचं नाही. सांगितलंच तर असं सांगा की त्याला बक्षीस वाटेल. जेलब्रेकसाठी मशीनचं सॉफ्टवेअर ९.०० किंवा ११.०० अशा जुन्या आवृत्तीवर अडवून ठेवावं लागतं, हे त्याला कसं कळणार? Settings मध्ये System आणि त्यात System Information उघडलं की आवृत्ती समोर दिसते, पण पन्नास गेमची यादी दिसत असताना तिकडे कोण जातं? मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं की जेलब्रेक उडतो, तो सगळा खटाटोप परत करावा लागतो. तो खटाटोप तुम्ही त्याला शिकवलेला नाही. म्हणजे वीज गेली, की दुसऱ्या दिवसापासून पन्नासातला एकही गेम उघडत नाही. मग पोरगा काय करणार? घरचं वायफाय जोडणार. मशीन म्हणणार, अपडेट कर. केलं, की पन्नास गेम गेले ते कायमचे, कारण एकदा पुढे गेलेलं सॉफ्टवेअर मागे आणता येत नाही. नाही केलं, तर सोनीच्या ऑनलाइन नेटवर्कवर, पीएसएनवर, साइन-इन होत नाही, आणि मित्रांबरोबर फोर्टनाइट खेळायचं तर तेच लागतं. फोर्टनाइट फुकट आहे, त्याला पीएस प्लस या वर्गणीचेही पैसे लागत नाहीत, अकरा महिने पोरगं त्या एका गोष्टीसाठी चाललंय! आणि तुमच्या चिरंजीवांनी हेच मशीन जेलब्रेकसकट ऑनलाइन नेऊन बॅन करून घेतलं असेल तर विषयच संपला. बॅन मशीनवर आहे, पोराने नवा आयडी काढला तरी काही होत नाही. हे तपासायला काय लागतं? मोबाइलचा हॉटस्पॉट आणि त्याचा स्वतःचा आयडी, विकणाऱ्याच्या समोर, पैसे द्यायच्या आधी. पाच मिनिटं. तुम्हाला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तुमच्या घरात ‘नेट बंद’ होतं.

जाऊ द्या. सल्ला देत होतो.

जेलब्रेक जमत नसेल तर ‘माझाच आयडी राहू दे, त्यात गेम आहेत’ हा सोज्वळ प्रकार आहे. विकत घेतलेले गेम त्या आयडीचे असतात, मशीनचे नसतात. तुम्ही तोच आयडी उद्या नेरूळच्या पोराला विकलात, त्याचं मशीन प्रायमरी, म्हणजे त्या आयडीचं मुख्य मशीन, केलंत आणि पासवर्ड बदललात, की ऐरोलीच्या पोराच्या प्रत्येक गेमवर कुलपाचं चित्र येतं. एकच आयडी, दोन गिऱ्हाइकं. धंदा म्हणतात तो हाच.

मागच्या स्क्रूंवरचे स्टिकर फाटलेले दिसले तर ‘कंपनीतूनच असे येतात’.

पैसे रोख घ्या. डब्यातल्या नोटा आहेत, पन्नासच्या, शंभरच्या, चुरगळलेल्या. समोर बसवून मोजा, एखादी फाटकी निघाली तर बदलून माग म्हणा. माणसाने व्यवहारात चोख असावं.

आणि बापाला सोबत आणू नकोस असं सांगायची गरजच नाही. बाप म्हणालेलाच असतो, ‘तुझे पैसे, तुझं तू बघ.’ वा, बाबा. पोराने अकरा महिने पायपीट केली, तुम्हाला रविवारी दोन तास निघाले नाहीत? मशीनमधलं कळत नसेल, पण समोरचा माणूस डिस्क घालू देत नाही, नेट लावू देत नाही, घाई करतोय, यातलं काय कळायला इंजिनीअर लागतो?

आता तुमच्याशी, विकणाऱ्याशी. जुनं मशीन विकण्यात काही गैर नाही हो. पेस्ट बदलून, धूळ काढून, स्वतःचा आयडी काढून, Initialize करून म्हणजे आतलं सगळं पुसून, ‘कंट्रोलर ओढतो, त्याचे हजार कमी दे’ एवढं म्हटलं असतं तर त्याने आनंदाने घेतलं असतं. नवा कंट्रोलर नंतर घेतला असता, वहीत प्रश्नचिन्ह होतंच. तुम्हाला तेरा हजार मिळाले असते आणि त्याला चालणारा पीएस४. एका हजारासाठी केलंत हे? दोन मजली घर, दारात गाडी, आणि सोळा वर्षांच्या पोराला ‘बेटा, भाच्याकडे आहेत डिस्क’ म्हणताना जीभ अडखळली नाही? तुमच्याच घरातल्या पोराच्या वयाचा आहे तो. लाज वाटत नाही का?

मशीन मंगळवारी रात्री बंद पडलं. अकरा महिन्यांचे पैसे, दोन दिवस. त्याने तुम्हाला सहा मेसेज केलेत, सहाही ‘काका’ने सुरू होतात, सहाही एका टिकवर अडकलेत. पहिल्यात विचारलंय की मी काही चुकीचं दाबलं का.

नंबर अनब्लॉक करा आणि फोन उचला.