डेड हाऊसच्या बाहेर बूम माईक कोणासमोर धरायचा?

परवा एका मित्राने विचारलं, की घरात माणूस गेलेलं असताना तुम्ही पत्रकार लोक तिथे जाताच कसे रे? प्रश्न बरोबर आहे पण माझं मत उलटं आहे, जावंच. नाही गेलात तर बातमी होते फक्त पोलिसांच्या प्रेसनोटवरून, "मयत नामे अमुक, वय 26, रा. सदाशिव पेठ", आणि त्या पोराबद्दल जगाला तेवढंच कळतं, तेही कधी कधी आडनाव चुकवून. प्रश्न जाण्याचा नाहीये, कोणाकडे जायचं आणि परत येऊन काय छापायचं याचा आहे.

एक केस सांगतो, ओळख पटेल असं सगळं काढून. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा, पेठेत कॉट बेसिसवर राहायचा, त्याने आत्महत्या केली. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली, बॉडी पुण्याच्या ससून हॉस्पिटलच्या शवागारात, म्हणजे डेड हाऊसला. अशा वेळी डेड हाऊसच्या बाहेर कोण रडतंय ते बघून बूम पुढे करणारे असतातच. पण रडणाऱ्या माणसाकडे जायचंच नाही. जो माणूस कागद घेऊन पळत असतो, पंचनाम्यावर सही कुठे, अँब्युलन्सवाला किती घेणार, बॉडी कधी ताब्यात मिळणार हे बघत असतो, तो शोधायचा. बहुतेक वेळा तो मामा नाहीतर चुलतभाऊ असतो. इथे मामाच होते. कॅमेरा बॅगेत, आधी नाव सांगायचं, कुठल्या पेपरचा ते सांगायचं, आणि म्हणायचं "मामा, आत्ता बोलायचं नसेल तर नका बोलू, माझा नंबर ठेवा."

मग पहिला प्रश्न, घरी सगळ्यांना कळलंय का? ते म्हणाले "बहिणीला फक्त ॲडमिट आहे एवढंच सांगितलंय, एसटीत आहे ती." म्हणजे आई अजून रस्त्यात आणि इकडे एका चॅनेलवर नावासकट पट्टी फिरत होती. शेजारच्या सीटवरच्याने मोबाईलवर वाचलं असतं तर? आमची ऑनलाईन बातमी नावाशिवाय गेली, नाव लावायचं का नाही ते मामांनी निरोप दिल्यावर ठरवू म्हटलं. डेस्कवरून दोनदा फोन आले, येणारच, त्यांना हिट्स दिसत असतात.

"कसं वाटतंय" हा प्रश्न तर मी कधीच विचारत नाही, त्याला उत्तरच नसतं. "तो कसा होता" विचारलं की माणूस बोलतो. मामा बोलले, अभ्यासिकेत नवीन आलेल्या पोरांना तो स्वतःच्या नोट्स झेरॉक्सला द्यायचा, गावी आला की आधी गोठ्यात जायचा. आणि मग एकदम एका सावकाराचं नाव घेतलं, "त्याच्यामुळेच झालं, लिहा तुम्ही." शिवाय पोराने मागे ठेवलेल्या चिठ्ठीचा मोबाईलमधला फोटो दाखवला.

आता खरी परीक्षा. मामा स्वतःहून देतायत, परवानगी आहे, मग छापायला काय हरकत? माझ्या मते आहे. डेड हाऊसबाहेर दिलेली परवानगी ही अर्धीच परवानगी असते, तो माणूस रात्रभर झोपलेला नसतो. सावकाराचं नाव गाळलं, कारण तक्रारच दाखल नव्हती, आणि मामांना सांगितलं की हे आधी पोलिसांना जबाबात द्या. चिठ्ठी छापली नाही, आत्महत्या कशी केली तेही नाही. प्रेस कौन्सिलच्या 2019 च्या सूचना हेच सांगतात, पद्धत नको, जागेचा तपशील नको, भडक मथळा नको, कारण त्याच मनःस्थितीतला दुसरा पोरगा ते वाचत असतो, आणि सदाशिव पेठेत तर तो शेजारच्याच कॉटवर असतो. "अपयशामुळे आत्महत्या" हा मथळा पण बदलायला लावला. एका रात्रीत कारण कोणालाच माहीत नसतं, अगदी मामांनाही.

संध्याकाळी फोन करून त्यांची वाक्यं वाचून दाखवली (आमच्यात काहीजण याला कमीपणा समजतात, समजू देत). तोपर्यंत आई पोचली होती. नाव चालेल म्हणाले, पण गोठ्याचं काढा, तिला ते वाचणं सहन होणार नाही. काढलं. माझ्या बातमीतली सगळ्यात चांगली ओळ होती ती, वाईट वाटलं, पण ती ओळ त्यांची होती. बातमी आतल्या पानावर गेली, फोटोशिवाय, खाली टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 नंबर.

फोटोवर आमच्यात अजून वाद होतात. फेसबुकवरून उचललेला फोटो पब्लिकच असतो असं एकजण म्हणतो. अरे पण तो ग्रुप फोटो कापलेला असतो, खांद्यावरचा हात मित्राचा असतो आणि तो मित्र आत्ता ससूनच्या आवारात उभा असतो. घरच्यांनी हातात दिलेला फोटो असेल तरच लावा, नाहीतर बिनफोटोची बातमी जाऊ द्या. आणि वर्ष-दोन वर्षांनी त्या पोराच्या बहिणीचं लग्न ठरताना कोणी ऑनलाईनवरून नाव काढा म्हणून फोन केला तर तो कोणी घ्यायचा, हे बहुतेक ऑफिसमध्ये ठरलेलंच नसतं. ते आधी ठरवा.