वर्कशीट कधी चुकत नसते

घरात नववीतलं मूल असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वर्कशीट कधी चुकत नसते. चुकतं ते मूल, आणि मूल चुकत नसेल तर त्याच्या शेजारी बसलेली आत्या. हे ज्ञान मला गेल्या रविवारी संध्याकाळी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात, पावसानं लाईट घालवलेल्या घरात झालं. एकटीनं ठेवून काय करू? तुम्हीही घ्या.

प्रश्न क्रमांक 6 असा होता : ‘एका त्रिभुजाच्या बाजू 7 सेमी, 14 सेमी व 25 सेमी आहेत, तर त्याचे विस्तीर्ण काढा.’ विस्तीर्ण वाचून दचकू नका. कन्नडात क्षेत्रफळाला विस्तीर्ण म्हणतात, आणि कन्नड कागदाचं मराठी करणाऱ्याला जेवायलाही वेळ नसतो. आपली पोरं असले शब्द मनातल्या मनात दुरुस्त करतच दहावीला पोचतात.

तर पहिला सल्ला : आकडे दिसले की सूत्रात घाला, त्यांच्याकडे बघत बसू नका. तीन बाजू दिल्यात म्हणजे हेरॉनचं सूत्र. माझ्या भाच्यानं तेच केलं. अर्धपरिमिती काढली, 7, 14 आणि 25 मिळून 46, त्याचे निम्मे 23. मग 23 मधून एकेक बाजू वजा केली. 16 आले, 9 आले आणि तिसऱ्याला आले उणे 2. 23 धरून सगळ्यांचा गुणाकार उणे 6624. आता याचं वर्गमूळ काढायचं.

पोरगं थांबलं. माझ्याकडे बघितलं. मी कणीक मळत होते. मग त्यानं शहाण्या विद्यार्थ्यानं करावं तेच केलं. खोडरबर घेतलं आणि उणेचं चिन्ह पुसलं. कागदावर थोडी काळी रेघ राहिली, ती बोटानं घासली. उत्तर आलं 81.39. खाली दोन रेघा मारल्या.

दुसरा सल्ला : उणे चिन्ह हा पेन्सिलीचा डाग समजावा.

तिसरा सल्ला : घरातला खराटा मुलांच्या हाती लागू देऊ नका. मी दिला, तिथंच घोटाळा झाला. वहीच्या पानावर 25 सेमी मावेना, म्हणून हिराच्या तीन काड्या पट्टीनं मोजून तोडल्या आणि फरशीवर मांडल्या. 25 ची आडवी. तिच्या एका टोकाला 7 ची, दुसऱ्या टोकाला 14 ची. आता या दोघींची टोकं वर एकत्र आली पाहिजेत. कशी येणार? दोन्ही काड्या आडवीवर सपाट झोपवल्या तरी मधे चार सेंटिमीटर मोकळे राहतात. 7 आणि 14 मिळून 21, आणि पोचायचं 25 ला. भाचा म्हणाला, “आत्या, हा त्रिकोण बंदच होईना की!” आणि त्याचं त्यालाच पुढचं उमगलं, की वहीतलं उणे 2 म्हणजे याच चार सेंटिमीटरच्या फटीचं निम्मं. म्हणजे सूत्र बिचारं ओरडून सांगत होतं की बाबा, त्रिकोण नाही इथं, आणि आपण त्याचं तोंड खोडरबरानं बंद केलं होतं.

मग आम्ही आणखी मोठी चूक केली. अंदाजानं उत्तर ठोकायचं सोडून तपास केला. आधी आकडे उतरवताना आपलीच चूक झाली का, ते वर्कशीटशी ताडून बघितलं. मग एखादी बाजू मिलिमीटरमध्ये आहे का ते बघितलं, कारण तसं असतं तर चूक आमची होती. नव्हती. मग टाइप करणाऱ्याचं बोट कुठं घसरलं असेल याचा विचार केला. कीबोर्डवर 1 आणि 2 शेजारी शेजारी. 14 च्या जागी 24 असतील तर 7, 24, 25 हा काटकोन त्रिकोण होतो आणि क्षेत्रफळ निघतं 84, अगदी पूर्ण. पण 25 च्या जागी 15 असतील तर? 7, 14, 15 चाही त्रिकोण होतो, क्षेत्रफळ सुमारे 48.74. पहिलं जास्त संभवतं, कारण उत्तर स्वच्छ येतं. पण संभवतं म्हणजे तेच आहे असं नव्हे. कुठला आकडा हवा होता हे प्रश्न काढणाऱ्यानंच सांगायचं.

म्हणून पोरानं उत्तराच्या जागी पेननं लिहिलं : ‘7 + 14 = 21. हे 25 पेक्षा कमी आहे, म्हणून असा त्रिकोण होत नाही. 14 ऐवजी 24 असल्यास उत्तर 84 चौ. सेमी. 25 ऐवजी 15 असल्यास सुमारे 48.74 चौ. सेमी. बरोबर आकडा कोणता ते कृपया सांगावे.’

कृपया लिहिलं होतं हो. पोराचं अक्षरही चांगलं आहे.

चौथा सल्ला : वर्गाच्या ग्रुपवर काय फिरतंय ते बघा आणि तेच लिहा. तिथं रविवारी रात्रीच 84 आलं होतं. ते कुठून आलं, विचारू नये.

मंगळवारी वर्कशीट परत आली. आमच्या भाच्याच्या चार ओळींवर तिरकी लाल रेघ, शेजारी ‘उत्तर लिहा’, आणि तीन पैकी शून्य. बाकी वर्गाला तीन पैकी तीन. त्यातल्या एकानं वर हेरॉनची सगळी मांडणी करून खाली उणे 6624 चं वर्गमूळ 84 असं लिहिलंय. त्यालाही तीन. मी स्वतः बघितलंय.

त्याच संध्याकाळी शेजारची कन्नड शाळेतली पोरगी आली. तिची वर्कशीट मागून घेतली. प्रश्न क्रमांक 6. बाजू 7, 24, 25. एवढंच. एका पोरीच्या दप्तरात खरा आकडा होता आणि भिंतीपलीकडे आमचं पोरगं रडत होतं.

आता सल्ले पुरे झाले. सर, तुमच्या हातात उत्तरांचा कागद होता, त्यावर 84 होतं. प्रश्नातल्या आकड्यांनी 84 येतं का, हे एकदा तरी करून बघितलंत? दोन मिनिटांचं काम आहे. छापताना बोट घसरतं, त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही. पण पोरानं कारणासकट दाखवून दिल्यावर तुम्ही त्याच्यावर रेघ मारलीत, आणि ज्यानं उणेचं वर्गमूळ 84 लिहिलं त्याला पैकीच्या पैकी दिलेत. काय शिकवलंत त्या वर्गाला? आणि ग्रुपवरचे आई-बाप हो, तुमच्यातल्या कुणाचं पोरगं ‘हे जमत नाही’ म्हणालं नसेल? म्हणालं असेल. तुम्हीच म्हणालात ना, ‘गप लिही, सगळे काय लिहिलेत ते’?

परवा भाच्याच्या वर्गाची दुसरी वर्कशीट आली. प्रश्न 3 मध्ये चौकोनाच्या तीन कोनांची बेरीज 370 अंश दिलीय. पोरानं वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि खोडरबर शोधायला लागला. ते मी माझ्या पदरात बांधून ठेवलंय. शनिवारी शाळेत पालकांची मिटिंग आहे. दोन्ही वर्कशीट, कन्नड प्रत आणि त्या तीन काड्या पिशवीत घातल्यात.