रोजचा डीपीआर: नऊ पानांऐवजी पाच ओळी

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही साइट ऑफिसात संध्याकाळी साडेसातला डोकवा. एक ज्युनिअर इंजिनिअर चहा गार करत एक्सेलमध्ये डीपीआर, म्हणजे दिवसभराच्या कामाचा रिपोर्ट, भरताना दिसेल. कालची शीट उघडायची, तारीख बदलायची, ट्रेडप्रमाणे लेबरचे आकडे टाकायचे, मशिनरी, हवामान, सेफ्टी, शेवटी आठ-दहा फोटो, आणि झाली नऊ पानांची पीडीएफ. ती ग्रुपवर पडते. वरची मंडळी मोबाइलवर उघडतात, फोटोपर्यंत सरकवतात, अंगठा दाखवतात. मधली सहा पानं कोणी वाचत नाही, आणि वाचत नाहीत हे भरणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून तोही मनापासून भरत नाही.

मग एखाद्या दिवशी साहेब वैतागतात, "एवढं कशाला पाठवतोस, थोडक्यात लिही." दुसऱ्या दिवशी ग्रुपवर येतं: "स्लॅबचं स्टील प्रगतीत, ८० टक्के पूर्ण. लेबर कमी. स्टील लवकर लागेल." याचा उपयोग नऊ पानांपेक्षाही कमी. पीडीएफमध्ये निदान शोधलं तर काहीतरी सापडायचं.

माझं मत असं की मोठा रिपोर्ट कापून छोटा होत नाही. छोटा रिपोर्ट उद्यापासून मागे लिहायचा असतो. उद्या सकाळी कोणी काय केलं नाही तर काम अडेल, ते आधी ठरवायचं आणि त्याला लागतील तेवढेच आकडे घ्यायचे.

आमच्याच साइटचा एक मंगळवार घ्या. टॉवर बी, ११वा स्लॅब, पोअर २. पोअर म्हणजे स्लॅबचा एका वेळी काँक्रीट ओतायचा भाग. या पोअरचं एकूण स्टील साधारण ९.५ टन. कास्टिंग गुरुवारी ठरलेलं. मंगळवारच्या डीपीआरमध्ये पहिल्या पानावर होतं "स्टील फिक्सिंग ८० टक्के". लेबरच्या तक्त्यात फिटर १८ ऐवजी १४. तिसऱ्या पानावर, इलेक्ट्रिकलच्या तक्त्यात, इलेक्ट्रिशियन ४. स्टोअरच्या पानावर १० मिमी स्टॉक ४ टन. रिमार्कमध्ये "फ्रंट उपलब्ध नाही".

यातला एकही आकडा खोटा नव्हता. तरी वाचणारा चुकीच्याच निष्कर्षावर जाणार होता. आधी ते ८० टक्के बघा. खालची जाळी पूर्ण झाली होती, वरच्या जाळीचे ७ पैकी ४ पॅनल झाले होते. दोन्हींची क्षेत्रफळाने सरासरी काढली की ऐंशीच्या आसपास येतं. पण वजनाने बघितलं तर त्या दिवशीपर्यंत बांधलं होतं ६.४ टन, म्हणजे ६७ टक्के. शिल्लक ३.१ टन, आणि त्या दिवशीचा वेग २.६ टन. म्हणजे कोणी अडवलं नाही तरी एका दिवसात उरकणारं काम ते नव्हतं. ८० टक्के वाचून हेड ऑफिसने गुरुवार पक्का धरला असता. म्हणून छोट्या रिपोर्टमध्ये मी टक्केवारी चालवूनच घेत नाही. किती झालं, किती ठरलं होतं, किती राहिलं, आणि तेही मोजता येईल अशा मापात: टन, पॅनल, घनमीटर, चौरस मीटर.

उशिराचं तर त्याहून मजेशीर. लेबरचा तक्ता बघणारा म्हणणार, फिटर चार कमी आले म्हणून काम मागे पडलं, फिटिंगच्या ठेकेदाराला फोन लावा. प्रत्यक्षात जे चौदा आले होते तेच दुपारी दोननंतर बसून होते. स्लॅबची खालची जाळी बांधली की तिच्यावर इलेक्ट्रिकलचं कंड्युट, म्हणजे वायरींचे पाइप, आणि फॅन बॉक्स पडतात, आणि त्यानंतरच वरची जाळी बांधता येते. तीन पॅनलचं कंड्युट पडलं नव्हतं, कारण इलेक्ट्रिशियन आठऐवजी चार आले होते. "फ्रंट उपलब्ध नाही" याचा अर्थ हाच होता, पण तो रिमार्क आणि तिसऱ्या पानावरचे ते चार इलेक्ट्रिशियन यांना जोडून कोणी वाचलं नाही. अजून चार फिटर आणले असते तर अठरा जण बसून राहिले असते.

मालाच्या बाबतीत स्टोअरचा आकडा हा सगळ्यात फसवा. पुस्तकात १० मिमी ४ टन होतं. मी स्टोअरकीपरला घेऊन यार्डात गेलो. त्यातलं २.६ टन दुसऱ्या विंगच्या जिन्यांसाठी कापून, वाकवून, टॅग लावून ठेवलेलं. ते अजून इश्यू झालं नव्हतं म्हणून पुस्तकात स्टॉकच दिसत होतं. या स्लॅबला वापरता येईल असं सरळ स्टील १.४ टन. शिल्लक कामातल्या १० मिमीची गरज बीबीएसप्रमाणे, म्हणजे सळ्यांच्या माप-वजनाच्या यादीप्रमाणे, २.२ टन. कमी पडत होतं ०.८ टन. १० मिमीचा १२ मीटरचा बार साधारण ७.४ किलोचा, म्हणजे १०८ बार. बारमध्ये सांगितलं की मुकादमालाही समजतं आणि गाडी उतरवताना मोजणंही सोपं.

एवढं छोटं लोड कंपनीकडून येत नाही, कळंबोलीच्या स्टील मार्केटमधूनच उचलावं लागतं. दिवसा ठाण्यात अवजड गाड्यांवर बंदीच्या वेळा असतात, त्यामुळे ती गाडी रात्रीच पोचणार. रात्री पोचायची तर दुपारपर्यंत माल भरायला लागला पाहिजे, आणि त्यासाठी सकाळी अकरापर्यंत ऑर्डर गेली पाहिजे. रिपोर्टमध्ये "स्टील लवकर लागेल" असं लिहिलं तर परचेसवाला ते दुपारी चार वाजता वाचतो आणि एक दिवस गेला. "उद्या ११ पर्यंत ऑर्डर" लिहिलं की तो सकाळीच फोन करतो.

त्या मंगळवारी नऊ पानांच्या जागी मी ग्रुपवर हे टाकलं:

टॉवर बी, ११वा स्लॅब, पोअर २, मंगळवार.
काम: खालची जाळी पूर्ण, वरची ७ पैकी ४ पॅनल. आज २.६ टन, ठरलं ३.५. शिल्लक ३.१ टन.
उशीर: ३ पॅनलचं कंड्युट राहिलं, इलेक्ट्रिशियन ८ ऐवजी ४. फिटर दुपारी २ नंतर अडकले. कास्टिंग गुरुवारऐवजी शुक्रवार सकाळी ७.
हवं: उद्या सकाळी ८ ला ८ इलेक्ट्रिशियन. आरएमसी आणि पंपाचं बुकिंग शुक्रवारवर.
माल: १० मिमी लागेल २.२ टन, वापरण्याजोगं १.४, कमी ०.८ (१०८ बार). उद्या ११ पर्यंत ऑर्डर, रात्री साइटवर.

उशिराच्या ओळीत कास्टिंगची नवी तारीख आहे ती मुद्दाम. नुसतं "फिटर अडकले" म्हटलं की वाचणारा हळहळतो आणि विसरतो. तारीख बदलली की बाकीच्यांची कामं हलतात. या पोअरचं काँक्रीट ९२ घनमीटर, म्हणजे ६ घनमीटरच्या १६ गाड्या. आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, प्लांटला आदल्या दिवशी सांगावं लागतं. सांगितलं नसतं तर गुरुवारी पहाटे पंप गेटवर उभा राहिला असता आणि त्याचं स्टँडबायचं बिल आमच्या नावावर पडलं असतं. सकाळी सातचाही आग्रह असतो, कारण मिक्सर भरल्यापासून दोन तासांत रिकामा व्हावा असं आयएस ४९२६ हे भारतीय मानक सांगतं आणि गायमुखला जाम लागला की दोन तास रस्त्यातच जातात.

आता विरोधात काय म्हणतात तेही सांगतो, कारण त्यात तथ्य आहे. आमचे एक जुने प्लॅनिंगवाले म्हणाले, "पाच ओळींवर उद्या क्लेम कसा करणार?" बरोबर. पाच ओळी हा रेकॉर्ड नव्हे. अडथळ्यांच्या नोंदीचं हिंडरन्स रजिस्टर, पोअर कार्ड, हजेरी, चलनं, काँक्रीटची ताकद तपासायच्या ठोकळ्यांचं क्यूब रजिस्टर, सगळं जागच्या जागी रोज भरलंच पाहिजे. या ९२ घनमीटरला आयएस ४५६ प्रमाणे पाच सॅम्पल, प्रत्येकी तीन म्हणजे पंधरा क्यूब. ते रजिस्टरमध्ये तारखेसकट हवेत, पण मंगळवारच्या मेसेजमध्ये त्यांचं काय काम? महारेराच्या तिमाही माहितीला किंवा झालेल्या कामाच्या आरए बिलाला लागणारे आकडे त्या रजिस्टरमधून निघतात. वाढीव मुदत मागायची असेल तर हिंडरन्स रजिस्टरवर दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात, व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट तिथे फार टिकत नाही. मी कापतोय तो रोज संध्याकाळी वाचायचा कागद.

छोटा रिपोर्ट बिघडायला लागला की दोन-तीन खुणांवरून कळतं. उशिराचं तेच वाक्य तीन दिवस शब्द न बदलता आलं, की समजायचं कारण कोणी तपासलेलं नाही. जुलैत "पावसामुळे काम बंद" हे हमखास येतं. पावसाने कास्टिंग थांबेल, बाहेरचं प्लास्टर थांबेल, पण आतलं ब्लॉकवर्क का थांबलं? तिथे बहुतेक वेळा हॉइस्ट बंद असतो किंवा ब्लॉक संपलेले असतात, आणि पाऊस आयता सापडलेला असतो. मालासाठी माझा एकच हिशोब: कालचा वापरण्याजोगा स्टॉक, त्यात आज आलेलं मिळवायचं आणि आज लागलेलं वजा करायचं. आजचा आकडा त्याच्याशी जुळला नाही तर एक तर काम फुगवलंय, नाही तर यार्डात कोणी गेलेलंच नाही.

लिहायचं कोणी, यावरही आमच्याकडे वाद झाला. प्लॅनिंगवाल्याने ऑफिसात बसून लिहायचं की स्लॅबवर उभ्या असलेल्या इंजिनिअरने? माझ्या मते स्लॅबवरच्यानेच, खाली उतरण्याआधी, फिटरचा मुकादम समोर असताना. पॅनल मोजायला पाच मिनिटं लागतात. खाली आल्यावर तो आठवणीतून लिहितो, आणि आठवणीत सगळं ऐंशी टक्के झालेलं असतं.

उशिराच्या ओळीत मी कोणा माणसाचं नाव घालत नाही, फक्त ट्रेड घालतो. तरी त्या मंगळवारी रात्री इलेक्ट्रिकल ठेकेदाराचा फोन आलाच. "साहेब, मला सांगायचं होतंत, ग्रुपवर कशाला टाकलंत?" मी म्हटलं, "दुपारी अडीचला दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. मेसेजमधला आकडा चुकीचा असेल तर सांगा, आत्ता बदलतो." आकडा बरोबर होता. बुधवारी आठाच्या जागी सात माणसं आली, एकपर्यंत कंड्युट पडलं, रात्री स्टीलची गाडी आली. गुरुवारी दुपारी वरची जाळी संपली, संध्याकाळी कन्सल्टंटचं चेकिंग झालं आणि शुक्रवारी कास्टिंग. तेव्हापासून हा ठेकेदार संध्याकाळी सहाच्या आत स्वतःच माणसांचा आकडा पाठवतो, आणि उद्या कमी येणार असतील तर तेही आधीच कळवतो.