ते 60 दिवसांचं फॉरवर्ड आणि संपाचा खरा हिशोब

"कामगार बंधूंनो जागे व्हा! नवीन लेबर कोडने संपाचा हक्क संपवला. आता संपासाठी 60 दिवस आधी नोटीस द्या, तरी संप बेकायदेशीरच ठरणार. संपात गेलात की नोकरी गेली समजा. मालकाला मात्र टाळं लावायला कुणाला विचारायची गरज नाही. त्यापेक्षा सगळ्यांनी एकाच दिवशी सीएल टाका, त्याला कायदा संप म्हणत नाही. जास्तीत जास्त शेअर करा."

गेल्या महिन्याभरात हा मेसेज मला पाच वेगवेगळ्या ग्रुपवर आलाय आणि दर वेळी खाली हात जोडलेले इमोजी. मी स्वतः बरीच वर्षं युनियनचं काम केलंय, नवीन कोडवर माझाही राग आहे, पण राग चुकीच्या जागी काढला की नुकसान आपलंच होतं म्हणून एकदा नीट लिहितो.

आधी 60 चा आकडा. इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड 2020 चा, तो 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला, त्याचं कलम 62 उघडून बघा. तिथे 60 आहे पण तो वाट बघायचा काळ नाही, ती नोटीसची एक्सपायरी आहे. म्हणजे नोटीस दिल्यापासून 60 दिवसांच्या आत संपावर गेलं पाहिजे, ते झालं नाही तर नोटीस शिळी, परत नवी द्या. थांबायचं आहे ते 14 दिवस. मेसेज लिहिणाऱ्याने दोन आकड्यांतला मोठा उचलला आणि पसरवला, बाकी काही नाही. हां, एक बदल खरा आहे आणि तो वाईट आहे. 1947 च्या जुन्या कायद्यात संपाच्या नोटीसची सक्ती फक्त सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना होती, रेल्वे, पाणी, वीज वगैरे. साध्या इंजिनिअरिंग कारखान्यात त्या कायद्याखाली नोटीस लागायची नाही. आता ती सगळ्या उद्योगांना लागते. बोंब मारायची तर याच्यावर मारा.

बरं मग संप "बेकायदेशीरच" ठरतो का? नाही, पण कॅलेंडर हातात घेऊन बसावं लागतं. एक उदाहरण धरू, तारखा मी सोयीसाठी घेतोय. युनियनने 1 मार्चला नोटीस दिली आणि त्यात संपाची तारीख 16 मार्च लिहिली. 15 मार्चपर्यंत 14 दिवस होतात, त्या आत काम थांबलं तर संप बेकायदेशीर. नोटीसमध्ये जी तारीख लिहिली तिच्या आधीही जाता येत नाही, त्यामुळे उगाच लांबची तारीख टाकून स्वतःचेच हात बांधू नका. मालकाला नोटीस मिळाली की त्याने 5 दिवसांत सरकारला आणि समेट अधिकाऱ्याला कळवायचं असतं. अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो, समजा पहिली बैठक 10 मार्चला झाली. इथे लक्ष द्या, नवीन कोडमध्ये समेटाची कारवाई सुरू होते ती या पहिल्या बैठकीच्या दिवशी, नोटीस त्याच्या टेबलावर पडली त्या दिवशी नाही. आणि समेट चालू असताना आणि संपल्यावर 7 दिवस संप करता येत नाही. म्हणजे 16 मार्च गेली.

आता संपाच्या नोटीसवरून बैठक लागली असेल तर अधिकाऱ्याने 14 दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो, एरवी त्याला 45 दिवस मिळतात. 10 मार्चपासून 14 दिवस म्हणजे 24 मार्च. समजा त्या दिवशी बोलणी फिसकटल्याचा रिपोर्ट गेला आणि समेट संपला, पुढे 7 दिवस धरले की 31 मार्च. म्हणजे 1 एप्रिलला सकाळच्या शिफ्टपासून संप कायदेशीरपणे सुरू करता येतो (एप्रिल फूल म्हणून कुणी हसणार नाही एवढंच बघा). आणि 1 मार्चच्या नोटीसचे 60 दिवस 30 एप्रिलला भरतात. तर खिडकी एक महिन्याची आहे. अरुंद आहे, पण उघडी आहे.

ती बंद कशी होते तेही सांगतो कारण फॉरवर्ड करणाऱ्याला हेच माहीत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. समेट फसल्यावर आता कुठलीही बाजू स्वतः ट्रिब्युनलमध्ये अर्ज करू शकते, त्यासाठी 90 दिवस असतात. पूर्वी सरकारने वाद रेफर करावा लागायचा, त्याला वेळ जायचा. आता मालकाचा वकील 27 मार्चला, त्या 7 दिवसांच्या आतच, अर्ज टाकून मोकळा होऊ शकतो. अर्ज दाखल झाला त्या दिवसापासून ट्रिब्युनलपुढची कारवाई सुरू झाली असं धरतात, आणि ती चालू आहे तोवर अधिक निकालानंतर 60 दिवस संप बंद. ट्रिब्युनलमध्ये केस किती वर्षं चालते हे इथल्या जुन्या लोकांना मी सांगायला नको. म्हणजे हक्क पुस्तकात शाबूत, पण वापरायच्या आधीच त्याला कुलूप लागू शकतं. "हक्क संपवला" म्हणण्यापेक्षा हे कितीतरी जास्त धोक्याचं आहे कारण ते दिसत नाही.

याला एक उलटी बाजू आहे, कलम 63 मध्ये. संप आधीच कायदेशीरपणे सुरू झालेला असेल आणि त्यानंतर ट्रिब्युनलमध्ये अर्ज गेला तर चालू असलेला संप तेवढ्याने बेकायदेशीर होत नाही. म्हणून अनुभवी लोक तारखेला एवढं जपतात. 1 एप्रिलला सकाळी संप सुरू झाला आणि 2 ला अर्ज आला, संप टिकला. 31 मार्चला संध्याकाळी अर्ज आला आणि 1 ला लोक बाहेर बसले, संप बेकायदेशीर. एका रात्रीचा फरक. आणि कुणी म्हणेल की मग घाई करून 30 मार्चलाच बसू, तर नाही, ते 7 दिवस पुरे व्हायलाच हवेत. अजून एक, ज्या मुद्द्यावर करार चालू आहे त्याच मुद्द्यावर कराराच्या मुदतीत संप करता येत नाही. पगारवाढीचा करार तीन वर्षांचा असेल तर दुसऱ्या वर्षी पगारवाढीसाठी संप नाही, पण करारात नसलेल्या मुद्द्यावर, समजा कँटीन किंवा बदल्या, करता येतो.

नोकरी जाते का. बेकायदेशीर संपात भाग घेतला म्हणून कामगाराला कमीत कमी 1,000 आणि जास्तीत जास्त 10,000 रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही, ही कोडमधली शिक्षा आहे, थोडी नाही. पण "आपोआप नोकरी गेली" असं कुठल्याही कलमात नाही. गुजरात स्टील ट्यूब्जच्या केसमध्ये 1979 साली सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं की संप बेकायदेशीर होता एवढ्यावरून सगळ्यांना सरसकट बडतर्फ करता येत नाही, कुणी नेमकं काय केलं हे माणसागणिक दाखवावं लागतं. गेटवर गप्प बसलेला आणि सुपरवायझरवर हात उचललेला यांना एकाच मापाने मोजता येत नाही. मालक तसं मोजायला बघतो, ते वेगळं.

पगाराचं मात्र लोकांना उलट वाटतं. संप कायदेशीर असला की पगार मिळतोच असं नाही. 1994 साली सिंडिकेट बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की संपाच्या दिवसांचा पगार हवा तर संप कायदेशीर पण हवा आणि समर्थनीय पण हवा, दोन्ही. समर्थनीय म्हणजे मागणी रास्त होती का, आधी बोलणीचे मार्ग वापरले का, मारहाण तोडफोड झाली का. नोटीस तारखा सगळं चोख आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी काचा फोडल्या, तर पगाराची केस तिथेच लंगडी पडते. आमच्याकडे एकदा असंच झालं, कंपनीचं नाव घेत नाही, अकरा दिवसांचा संप, कागद एकदम पक्के, आणि दोन पोरांनी बसवर दगड मारले. पुढे तडजोडीत आम्ही त्या अकरा दिवसांचा विषय स्वतःहून सोडून दिला कारण कोर्टात उभं राहायला तोंड नव्हतं.

आता मालकाचं टाळं. टाळेबंदीलाही तेच कलम 62 आहे, तेच 14 दिवस, तेच 60, समेट चालू असताना तीच बंदी. बेकायदेशीर टाळेबंदीला दंड 50,000 ते 1,00,000 रुपये किंवा महिन्यापर्यंत कैद. मोठ्या कंपनीला लाखभर म्हणजे चहापाणी, हा आक्षेप मला मान्य आहे, पण "विचारायची गरज नाही" हे खोटं आहे. एक अपवाद मात्र पाठ करून ठेवा. बेकायदेशीर संपामुळे मालकाने टाळेबंदी केली तर ती बेकायदेशीर धरत नाहीत. उलटही तसंच, बेकायदेशीर टाळेबंदीला उत्तर म्हणून केलेला संप बेकायदेशीर नाही. म्हणजे नोटीस न देता बाहेर बसलात तर मालकाला टाळ्याची किल्ली तुम्हीच नेऊन दिलीत.

आणि शेवटची ती सीएलची आयडिया, जी वाचून मी हे लिहायला बसलो. नवीन कोडने संपाच्या व्याख्येतच घातलंय की एखाद्या दिवशी 50 टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून कॅज्युअल रजा टाकली तर तो संपच. जुन्या कायद्याच्या व्याख्येत हे वाक्य नव्हतं, तेव्हा वाद घालायला थोडी जागा होती, आता नाही. त्यामुळे 400 च्या प्लांटमध्ये 200 जणांनी एकाच दिवशी ठरवून सीएल टाकली की ती बिननोटीसची रजा नाही, बिननोटीसचा संप झाला. आणि बिननोटीस म्हणजे बेकायदेशीर, आणि वर सांगितलं तसं बेकायदेशीर म्हणजे मालकाला टाळेबंदी मोकळी. शिवाय वेतन कोडमध्ये एक तरतूद आहे, 10 किंवा जास्त जण संगनमताने, नोटीस न देता आणि सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले आणि नेमणुकीच्या अटींत तशी नोटीस ठरलेली असेल, तर 8 दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. एका दिवसाच्या सीएलला आठ दिवसांची कात्री लागू शकते. सीएल बॅलन्स शिल्लक होता, साहेबाने अर्ज घेतला होता, हे सांगून त्यातून सुटाल असं धरून चालू नका, कारण व्याख्या बघते ती किती जणांनी ठरवून टाकली ते. आणि "जास्तीत जास्त शेअर करा" असं लिहिलेला मेसेज ग्रुपवर पडून असला की ठरवून टाकली हे सिद्ध करायला मालकाला दुसरा पुरावा शोधावा लागत नाही, स्क्रीनशॉट पुरतो. वर बेकायदेशीर संपाला चिथावणी देणाऱ्याला दंड 10,000 पासून 50,000 पर्यंत आहे, आणि तो मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांत तुमचं नाव असेल तर आधी तो डिलीट करा मग पुढचं बोलू.