पुरळ नाही, तरी अंगभर खाज: ‘रक्त अशुद्ध’ म्हणून मोकळं होण्याआधी

“अंगावर पुरळ नाही आणि तरी सगळीकडे खाज सुटते, म्हणजे रक्त अशुद्ध झालंय. अँटीअ‍ॅलर्जीची गोळी घ्या, जाईल. लिव्हरचं असतं तर डोळे पिवळे दिसले असते, लोहाचं असतं तर हिमोग्लोबिन कमी आलं असतं.”

‘अशुद्ध रक्त’ असं निदान कुठल्याच रिपोर्टवर छापून येत नाही. पण पुरळ खरंच नाही ना, हे आधी पाठ उघडी करून बघा. खाजवून खाजवून उठलेल्या ओरखड्यांनाच लोक पुरळ समजतात. खांद्यांच्या मधला, स्वतःचा हात न पोचणारा भाग कोरा असेल, तर बाकीच्या खुणा बहुधा नखांच्याच. घरातल्या इतरांनाही रात्री खाज सुटत असेल, तर मात्र आधी खरूज शोधा.

आता पिवळ्या डोळ्यांचं. डोळे पिवळे होतात रक्तातलं बिलिरुबिन हे पित्ताचं पिवळं रंगद्रव्य वाढल्यावर. पित्ताचा प्रवाह अडला की खाज त्याच्या कितीतरी आधी, कधी काही महिने आधीही, सुरू होऊ शकते. समजा, पंचेचाळिशीच्या बाईंना तीन महिने रात्री तळहात-तळपाय खाजतात, मग अंगभर. बिलिरुबिन ०.८, म्हणजे नॉर्मल. रिपोर्टवरची तेवढीच ओळ वाचली तर ‘लिव्हर ठीक’. खाली अल्कलाइन फॉस्फटेज हे लिव्हर आणि हाडं दोन्हींकडून येणारं एन्झाइम नॉर्मलच्या दुपटीहून जास्त आणि सोबत लिव्हरचं जीजीटी हे एन्झाइमही वाढलेलं असेल, तर ते हाडांचं नसून बहुधा पित्तनलिकांचं दुखणं असतं. पुढे सोनोग्राफी आणि शरीर स्वतःच्याच पित्तनलिकांवर उलटलंय का हे बघणारी अँटी-मायटोकॉन्ड्रियल अँटीबॉडीची तपासणी.

अशा खाजेत अ‍ॅलर्जीत खाज आणणाऱ्या हिस्टामिनचा हात फारसा नसतो, म्हणून अँटीअ‍ॅलर्जीच्या गोळीने झोप येते, खाज राहते. कोलेस्टिरामिनची पावडर पुष्कळांना उपयोगी पडते. फक्त ती इतर औषधंही पोटातच धरून ठेवते, त्यामुळे ती औषधं तिच्या तासभर आधी किंवा चार-सहा तासांनी घ्यायची. हे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं.

हिमोग्लोबिनचं गणितही तसंच. शरीर आधी लोहाचा साठा संपवतं, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. हिमोग्लोबिन १२.४ आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ७ असेल, तर लोह कमी आहेच. अंगात सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, हेही ध्यानात ठेवा. आणि लोह कमी का झालं, रक्त कुठून जातंय, हे शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्यांवर थांबू नका.

किडनीची खाज सहसा आजार बराच पुढे गेल्यावर येते. क्रिएटिनिन किंचित वाढलंय म्हणून तिच्यावर खापर फोडू नये. थायरॉइड जास्त असेल तर त्वचा गरम राहून खाजते, कमी असेल तर कोरडी पडून. टीएसएच या रक्ततपासणीने दोन्हींचा अंदाज येतो.

खाज सहा आठवडे टिकली तर या तपासण्या कराव्यातच. सोबत वजन उतरत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील किंवा गाठी लागत असतील, तर तेवढंही थांबू नये. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपाय खाजू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. तिथे रक्तातली पित्ताम्लं फार वाढली तर धोका पोटातल्या बाळाला असतो.